दोन नंबरच्या डक्टची रजा

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा पाहुणा संडासातून बाहेर आला की जरा अवघडून उभा राहतो. काय विचारायचं आहे ते मला कळतं. कमोडमधलं पाणी किंचित गढूळ का दिसतं, साबणाचा अगदी पुसट वास का येतो, हे त्याला विचारायचं असतं आणि विचारता येत नसतं. बाबा होते तेव्हा पाहुण्याला विचारायची वेळच यायची नाही. तो बाहेर आला की बाबा म्हणायचे, "काल माझी अंघोळ झाली ना, त्याच पाण्यानं तुमचं काम झालं. आभार मानायची गरज नाही." पाहुण्याला पुढचा चहा गोड लागत नसे. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, निदान बिस्कीट तरी खाऊ द्या त्यांना."

बाबांनी आयुष्यभर पाइपांचे नकाशे काढले. प्लंबिंगची कामं घेणाऱ्या एका कंत्राटदाराच्या कचेरीत ते ड्राफ्ट्समन होते. आम्ही बुधवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो तेव्हा त्यांचं टेबल खिडकीशी होतं, आणि माझा अभ्यास त्याच टेबलाच्या उरलेल्या कोपऱ्यावर. बाकीच्या मुली घर काढायला शिकल्या, डोंगर आणि सूर्य काढायला शिकल्या. मी उभी रेघ, आडवी रेघ आणि सांध्याचा गोल काढायला शिकले. पाणी कुठून येतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, कुठं जातं ते कुणी विचारत नाही, असं ते म्हणायचे.

धायरीत ही इमारत बांधायला काढली तेव्हा त्यांनी निवृत्तीचे सगळे पैसे त्यात घातले आणि वर बिल्डरच्या डोक्याला ताप दिला. पाच मजले, प्रत्येक मजल्यावर तीन घरं, घरं एकावर एक, म्हणून तीन डक्ट. डक्ट म्हणजे बाथरूमच्या मागची पाइपांची उभी बोळ. बिल्डरला सगळं पाणी एकाच पाइपात सोडून मोकळं व्हायचं होतं. बाबांनी भिंती प्लास्टर व्हायच्या आत सगळ्या सभासदांना गोळा करून जमिनीवर खडूनं नकाशा काढला. त्यांच्या लेखी घरातल्या पाण्याच्या तीन जाती होत्या: उष्टं, खरकटं आणि घाण. अंघोळीचं, बेसिनचं आणि कपड्याच्या मशीनचं ते उष्टं. भांड्यांचं ते खरकटं, कारण त्यात तेल आणि शितं. कमोडचं ते घाण. खरकटं आणि घाण यांनी आपापल्या पाइपांतून थेट ड्रेनेजला जायचं. उष्ट्याचा पाइप वेगळा, कारण ते एकदा तरी पुन्हा कामाला येतं. आईनं तेव्हाच विचारलं होतं की पाण्याला उष्टं कसं म्हणतात. पण तोवर सगळ्या इमारतीच्या तोंडी तो शब्द बसला होता.

मशीनवरून प्लंबरांशी त्यांची खरी लढाई झाली. मशीन ड्राय बाल्कनीत, सिंक तिथंच भिंतीपलीकडे, त्यामुळे प्लंबर हटकून मशीनची नळी सिंकच्या पाइपाला जोडून टाकायचे. बाबा रोज सकाळी पंधराही घरांत फिरून ते जोड तोडायला लावायचे. "फेसाला तेलाच्या पंक्तीला बसवू नका," असं सांगायचे.

उष्टं पाणी खाली यायचं ते आधी जाळीतून. जाळीत केस अडकायचे. मग एका टाकीत निवळायचं, साका खाली आणि साय वर. मग मागच्या बाजूला खडी आणि वाळूचा एक लांब वाफा होता, त्यात कर्दळी लावलेल्या. खडीवर न दिसणारे जिवाणू वाढतात, ते पाण्यातला मळ खातात, असं बाबा सांगायचे आणि त्या जिवाणूंबद्दल घरचे पाहुणे असावेत तसं बोलायचे. वाफ्यातून उतरलेलं पाणी जमिनीखालच्या टाकीत, थोडं क्लोरीन, मग पंपानं गच्चीवरच्या वेगळ्या टाकीत, आणि तिथून जांभळ्या रंगाच्या पाइपानं प्रत्येक घराच्या फ्लशला. क्लोरीन पडायच्या आधीच त्यातलं थोडं बागेला वळवलेलं, तेही झाडांच्या मुळाशी, पाचोळ्याखालून. जांभळ्या पाइपाला कुठंही हाताशी येईल असा नळ ठेवला नव्हता, चुकून कुणी तोंड लावू नये म्हणून. फ्लशची टाकी कमी पडली तर बोअरचं पाणी तिच्यात वरून पडायचं, मध्ये वीतभर मोकळी जागा सोडून. नळ कधी पाण्यात बुडू द्यायचा नाही, म्हणजे उष्टं उलटं चढत नाही. आणि उष्टं एक दिवसापेक्षा जास्त साठवायचं नाही. साठवलं की ते सडतं, आणि मग त्याच्यात आणि घाणीत फरक राहत नाही.

उन्हाळ्यात सगळ्या धायरीत टँकरच्या रांगा लागायच्या. आमच्याकडेही यायचा, पण शेजारच्या सोसायटीपेक्षा कमी वेळा, आणि आमची बाग हिरवी असायची. बाबा संध्याकाळी कर्दळींपाशी खुर्ची टाकून बसायचे. एवढं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या पहिल्या पगारालाही पाहिलं नव्हतं.

आता बुचाविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

प्रत्येक डक्टच्या पायथ्याशी उष्ट्या पाण्याचं एक लहान चेंबर होतं. त्याला दोन तोंडं. एक वाफ्याकडं जाणारं, दुसरं ड्रेनेजकडं. आणि रबराचं एकच मोठं बूच. ज्या तोंडात बूच बसवाल ते बंद, पाणी दुसरीकडं. एरवी बूच ड्रेनेजच्या तोंडात असायचं. पण बाबांचा नियम होता, की डक्टमधल्या कुठल्याही घरात तान्हं बाळ असेल किंवा कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर त्या घरची दुपटी-चादरी बाथरूममध्ये धुतल्या जाणार, म्हणजे उष्ट्यात घाण मिसळणार. तेवढे दिवस त्या डक्टचं बूच फिरवायचं आणि पाचही मजल्यांचं पाणी ड्रेनेजला सोडायचं. त्याला ते रजा म्हणत. आणि रजा कुणाची आहे ते सगळ्यांना कळावं, बागेला पाणी कमी का ते कुणी विचारू नये, म्हणून जिन्याखालच्या फळ्यावर लिहायचं.

आमच्याच डक्टवर, पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीला बाळ झालं तेव्हा बाबांनी फळ्यावर लिहिलं: "दोन नंबरचा डक्ट बाळंतपणाच्या रजेवर आहे." सगळे हसले. ती हसली नाही. बाळाला तेव्हा जुलाब होत होते, ती रात्र रात्र जागी होती, आणि दवाखान्यातून परत येताना तिनं ते वाचलं. ती आमच्या दारात आली आणि बाबांना म्हणाली, "काका, माझ्या मुलीचं शी-शू अख्ख्या सोसायटीला सांगायलाच हवं होतं का?" बाबा म्हणाले, "अगं, मी डक्टचं लिहिलंय, मुलीचं नाही." ती म्हणाली, "डक्टला मूल होत नाही." त्यानंतर ती बाबांशी बोलेनाशी झाली. बाळ शाळेत जायला लागलं तरी नाही. बाबांना त्याचं वाईट वाटायचं, पण नियम तो नियम. पुण्यात माणूस एक वेळ माफी मागेल, नियम मागे घेणार नाही.

बाबांना झटका आला तो अंघोळ करून बाहेर येताना. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांना सगळं समजत होतं, हे डोळ्यांवरून दिसायचं. फक्त बाहेर काही येत नव्हतं. आलंच तर घशातून एक आवाज, आणि मग ते स्वतःच डोळे मिटून घ्यायचे.

आईनं बाई ठेवू दिली नाही. मी स्वारगेटजवळच्या बँकेत नोकरी करते, सकाळी निघते ती संध्याकाळी परत येते. दिवसभर आई एकटी. तयार डायपरनं बाबांच्या अंगावर पुरळ उठलं, तेव्हा तिनं ते बंद केले आणि जुन्या सुती साड्यांच्या घड्या वापरायला काढल्या. त्या ती बाथरूममध्ये बसून धुवायची. आधी कढत पाणी, मग साबण, मग जंतुनाशकाची बाटली उघडून बादलीत सढळ हातानं, मग फरशीवर फिनेल. चादरी मशीनमध्ये, त्यातही जंतुनाशक. वाळत घालायची ती ड्राय बाल्कनीत आतल्या दोरीवर, आणि त्यापुढे एक चांगली साडी, म्हणजे समोरच्या इमारतीतून दिसू नये. कुणी भेटायला यायचं असलं की आधी उदबत्ती. "बरे आहेत. स्वतःच्या हातानं जेवतात," असं ती सांगायची. ते स्वतःच्या हातानं जेवत नव्हते.

ती हे का करत होती ते मला कळत होतं. हा माणूस रोज दोनदा अंघोळ करणारा, धोब्याकडचा शर्टसुद्धा पुन्हा झटकून घालणारा. त्याच्याबद्दल कुणी नाक मुरडलेलं तिला सहन होणार नव्हतं. मला कीव आली आणि रागही आला; पण दमलेल्या बाईशी वाद कोण घालणार.

वास आधी बागेत आला. मग कर्दळीची पानं कडेनं पिवळी पडली. मग फ्लशच्या पाण्याला वास यायला लागला, आणि तो पंधराही घरांत पोचला. पाहुण्यांना आता विचारावं लागत नव्हतं.

पार्किंगमध्ये मीटिंग झाली. मी बाबांच्या जागी गेले. सेक्रेटरी म्हणाले, "काका होते तोवर ठीक होतं." बाबा वर दुसऱ्या मजल्यावर उशीला टेकून बसलेले होते आणि खाली त्यांचा 'होते' झाला होता. मी म्हटलं, "आहेत अजून." सेक्रेटरी ओशाळले. पण मुद्दा सोडला नाही. बोलावलेला प्लंबर म्हणाला की वाफा मेला, खडी उपसावी लागेल, त्यापेक्षा तिन्ही डक्टचं पाणी कायमचं ड्रेनेजला जोडू, वाफ्यावर फरशी घालू, दोन गाड्या उभ्या राहतील. गाड्यांचा विषय निघाल्यावर लोकांचे चेहरे उजळले. एक गृहस्थ म्हणाले की लोकांच्या अंघोळीचं पाणी आपल्या संडासात, ही कल्पनाच त्यांना मुळात किळसवाणी वाटायची. इतकी वर्षं ती किळस त्यांनी कुठं ठेवली होती देव जाणे. ठरलं असं, की पाडव्यापर्यंत वास गेला तर ठीक, नाही तर जांभळा पाइप कापायचा.

मी वर येऊन आईला सांगितलं, अगदी हळू आवाजात, स्वयंपाकघरात. पण आमचं घर केवढं. बाबांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी पाणी प्यायचं सोडलं.

आधी आम्हाला वाटलं गिळता येत नाही. चमचा ओठाशी नेला की ते तोंड घट्ट मिटायचे. पेज मात्र एखादा घास घ्यायचे, तीही घट्ट. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले गिळता येतंय, पण अंगातलं पाणी कमी झालंय. असंच राहिलं तर परत दवाखान्यात न्यावं लागेल. आई घडी बदलायला गेली की ते डाव्या हातानं ती धरून ठेवायचे. तिच्या हातातून ओढून घ्यायचे. आई म्हणायची, "अहो, असं काय करता? सोडा बरं." एकदा ती बाथरूममध्ये बादली भरत होती, जंतुनाशकाचा वास घरभर पसरला, आणि बाबा रडायला लागले. मी त्यांना पूर्वी कधी रडताना पाहिलं नव्हतं. ते कसं थांबवायचं ते मला माहीत नव्हतं. मी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत बसले.

रविवारी मी त्यांना पेज भरवत होते. एक चमचा हिंदकळला आणि पेज मांडीवरच्या स्टीलच्या ताटात सांडली. मी पुसायला फडकं उचललं तर त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट बाजूला केलं. मग त्या सांडलेल्या पेजेत बोटानं एक उभी रेघ ओढली. हात डावा होता, तरी रेघ सरळ आली. तिच्या खाली एक लहान चौकोन. चौकोनापासून दोन रेघा, एक डावीकडं, एक उजवीकडं. मी लहानपणापासून हेच पाहत आले होते. डक्ट, चेंबर, दोन तोंडं. मग त्यांनी अंगठा घेतला आणि एका रेघेच्या तोंडावर दाबून धरला. माझ्याकडं पाहिलं. अंगठा उचलला, आणि मग तोच अंगठा स्वतःच्या छातीवर टेकवला.

मला सगळं एकदम कळलं. बूच नेहमी बाबाच फिरवायचे, म्हणून झटक्यानंतर ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्याच डक्टमधून घाण जात होती. आणि नुसती घाण असती तर वाफ्यानं कदाचित थोडी सोसलीही असती. आई त्यावर रोज जंतुनाशक आणि फिनेल ओतत होती, ते खडीवरच्या जिवाणूंना मारत होतं. जितकी ती स्वच्छता करत होती तितका वाफा मरत होता. बाबांना हे अंथरुणावरून, नुसत्या वासावरून, आमच्या आधी समजलं होतं. सांगता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या हातात होतं तेवढं त्यांनी केलं होतं. पाणी प्यायचं नाही, म्हणजे घडी ओली होणार नाही, म्हणजे धुवावी लागणार नाही.

मी ताट तसंच घेऊन आईकडं गेले. तिनं रेघा पाहिल्या. तिलाही हे नकाशे वाचता येत होते, तिचाही संसार त्याच टेबलाशेजारी झाला होता. तिनं ताट ओट्यावर ठेवलं. मग म्हणाली, "बूच फिरवलं तर फळ्यावर लिहावं लागेल."

"नको लिहूया. गुपचूप फिरवते."

"बागेचं पाणी कमी झालं की विचारतीलच. आणि त्यांचाच नियम आहे तो." मग तिचा आवाज चढला. "त्यांनी दुसऱ्याचं लेकरू फळ्यावर चढवलं. आता मी काय लिहू? आमच्या घरातला कर्ता माणूस अंथरुणात करतो, असं लिहू? चाळीस वर्षं ज्याच्या शर्टाला डाग पडू दिला नाही, त्याचं हे जिन्याखाली लिहू? बंद पडू दे तो वाफा. गाड्या उभ्या करू देत. मला काही पडलेली नाही."

"आई, ते पाणी पीत नाहीत त्यासाठी."

आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतो आणि पलंगावरून बाबा आमच्याकडं पाहत होते. त्यांचं तोंड हललं. नेहमीचा घशातला आवाज आला, पुन्हा आला, ते डोळे मिटतील असं मला वाटलं. मिटले नाहीत. तोंडाची डावी बाजू वाकडी करून, सगळा जीव एका जागी आणून ते म्हणाले, "लिही."

झटका आल्यापासून त्यांचा तो पहिला शब्द. त्यांनी तो आईला उद्देशून वापरला.

आईनं पदरानं डोळे पुसले, देवघरातल्या कोनाड्यातून रांगोळीसाठी ठेवलेला खडू घेतला आणि खाली गेली. मी मागोमाग गेले, चेंबरचं झाकण उचललं, बूच ड्रेनेजच्या तोंडातून काढून वाफ्याच्या तोंडात बसवलं. पाणी लगेच दुसरीकडं वळलं. परत आले तोवर आईचं लिहून झालं होतं. तिचं अक्षर बाबांपेक्षा चांगलं. "दोन नंबरचा डक्ट आजारी रजेवर आहे. वास आमच्यामुळे येत होता. क्षमस्व." शेवटचा शब्द बाबांनी कधीच लिहिला नसता.

संध्याकाळी दार वाजलं. पाचव्या मजल्यावरची मुलगी. मुलगी म्हणायचं, आता तिच्याही केसांत एखादी चंदेरी बट होती. हातात धुतलेल्या मऊ दुपट्यांचा गठ्ठा. "लेकीची ठेवली होती," ती आईला म्हणाली. "जुन्या साडीपेक्षा अंगाला बरी लागतील. आणि काकू, धुण्याआधी कमोडवर धरून फ्लशच्या पाण्यानं झटकून घेत जा. अर्धं काम तिथंच होतं. मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं." मग ती बाबांच्या पलंगापाशी गेली. तिथल्या टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला, चमचा भरला आणि म्हणाली, "काका, आता आपण एकाच रजेवर. प्या." बाबा प्यायले. तिनं अर्धा पेला पाजला, आणि जाताना जिन्यात थांबून खूप रडली, हे मला दारातून ऐकू आलं.

पाडव्याला वास पुरता गेला नव्हता, पण कमी झाला होता. बाकीच्या दोन डक्टचं पाणी चालूच होतं, त्यानं वाफा हळूहळू धुऊन निघत होता. सेक्रेटरी फळा वाचून आले होते. ते म्हणाले की काकांची तब्येत सुधारेपर्यंत कापाकापी नको. फरशीचा विषय त्यांनी नंतर काढला नाही. कर्दळीला खालून नवे कोंब आले. मी फोनवर त्यांचे फोटो काढून बाबांना दाखवायची, ते बोटांनी फोटो मोठा करून कोंब मोजायचे. 'लिही'नंतर दुसरा शब्द आला नाही. मी आणि आई रोज वाट पाहायचो.

मग बाबा गेले. दुपारचे, आई घडी बदलायला गेली तेव्हा. घडी कोरडी होती, हे ती नंतर कितीतरी दिवस मला सांगत होती.

त्यांना शेवटची अंघोळ घातली ती आमच्याच बाथरूमच्या दाराशी. पाणी नहाणीतून गेलं. डक्ट रजेवर होता, म्हणून ते ड्रेनेजला गेलं. ज्या माणसानं स्वतःच्या अंघोळीचा एक तांब्या वाया जाऊ दिला नाही, त्याचं ते शेवटचं पाणी कर्दळीला मिळालं नाही. हे तेव्हा माझ्या मनात आलं आणि मी कुणाला सांगितलं नाही.

दिवस उरकले, माणसं पांगली. घरात धुवायच्या घड्या नव्हत्या. जिन्याखाली आईच्या अक्षरातलं वाक्य तसंच होतं. नियमाप्रमाणं मी बूच परत फिरवायला हवं होतं. रोज कामावरून येताना मी चेंबरच्या झाकणावरून चालत यायची, आणि रोज वर निघून जायची. बूच फिरवायचं म्हणजे या घरात आता कुणी आजारी नाही, असं कबूल करायचं. आईही त्याबद्दल बोलत नव्हती. उन्हाळा वाढला, टँकर जास्त यायला लागले, बागेची एक बाजू सुकली. पाच मजल्यांचं पाणी आमच्या दुःखापायी गटारात जात होतं आणि पंधरा घरांतलं कुणी चकार शब्द काढला नाही. पुण्यात हे होऊ शकतं यावर बाहेरच्या माणसाचा विश्वास बसणार नाही.

एका सकाळी मी चहा घेत होते तर आई न्हाऊन घ्यायला निघालेली, खांद्यावर टॉवेल, आणि दारात थांबली. म्हणाली, "माझ्या अंघोळीआधी खाली जाऊन ये."

"कशाला?"

"कशाला काय. कर्दळी वाळल्यात. त्यांना आवडलं नसतं."

मी खाली गेले. ती आधीच फळ्यापाशी होऊन आली होती. फळा पुसलेला होता, ओल्या पदराचे फराटे अजून वाळले नव्हते, आणि खडू खालच्या पट्टीवर ठेवलेला होता. त्या जागी तिनं काहीच लिहिलं नव्हतं. मी चेंबरचं झाकण उचललं. रबर फुगून घट्ट बसलं होतं, दोन्ही हातांनी ओढावं लागलं. वाफ्याचं तोंड मोकळं केलं, बूच पलीकडं ठोकलं, आणि तिथंच उकिडवी बसून राहिले. थोडा वेळ काही नाही. मग वर कुठंतरी तांब्याचा आवाज झाला, पाइपातून खळखळ उतरली, आणि पाणी आलं. कोमट होतं, त्यावर आईच्या शिकेकाईचा तपकिरी फेस होता. चेंबरात एक वळण घेऊन ते बाबांच्या वाफ्याकडं गेलं.

वरून बाथरूमच्या खिडकीतून आईचा आवाज आला. "आलं का गं?"

मी वर खिडकीकडं पाहिलं. मग मी म्हटलं, "आलं."